महागाईत कोणाचं साधतं, कोणाचं बुडतं? बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शहापूरच्या एका सोसायटीत बरीच वर्षं हिशेब लिहितो. काउंटरपलीकडे एकाच सकाळी ऊसवाले शेतकरी, पेन्शनर गुरुजी, यंत्रमागावरचे कामगार आणि रोजच्या बचतीची पिग्मी भरणारे दुकानदार येतात, आणि महागाईबद्दल प्रत्येकाची तक्रार वेगळी असते. नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि मी देतो ती उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. उदाहरणांतली माणसं कल्पित आहेत, पण दर आणि महागाईचे आकडे खरे आहेत. जिथे दर मी सोयीसाठी धरला आहे, तिथे तसं म्हटलं आहे.

महागाई वाढली की सगळ्यांचंच नुकसान होतं ना?

नाही. बाजारात कोणाचा तरी खर्च वाढतो तेव्हा दुसऱ्या कोणाची तरी मिळकत वाढलेली असते. महागाई एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात टाकते, पण त्याची पावती कोणालाच मिळत नाही. तुम्ही कोणत्या बाजूला आहात हे कळायला दोन गोष्टी विचारायच्या: तुमच्या पैशाचा दर कधी ठरला, आणि तो पुन्हा कधी ठरणार? कर्जाचं व्याज, ठेवीचं व्याज, साडीमागची मजुरी, पेन्शन हे सगळे कुठे तरी रुपयांत लिहून ठेवलेले आकडे आहेत. भाव वाढत असताना ज्याला तो आकडा द्यायचा आहे त्याचं साधतं, ज्याला घ्यायचा आहे त्याचं बुडतं. पुढची सगळी उत्तरं याच दोन प्रश्नांवर उभी आहेत.

कर्जदाराचा फायदा होतो म्हणतात. मग आमच्या ऊसवाल्यांना तो का दिसत नाही?

फायदा होतो, पण दुसऱ्या दाराने निघून जातो. चिकोडीकडचा एक शेतकरी घेऊ. २०२२-२३ साली त्याने कृषी पत्तीन सोसायटीतून बिनव्याजी ३ लाखांचं पीककर्ज काढलं आणि वर्षाने तेवढेच ३ लाख परत केले. त्या वर्षी देशातली किरकोळ महागाई सरासरी ६.७ टक्के होती. घेतलं त्याच किमतीचं परत द्यायचं तर त्याला ३,२०,१०० रुपये द्यावे लागले असते. म्हणजे कर्जाच्या बाजूने २०,१०० रुपये त्याच्याकडे राहिले.

आता त्याच शेतकऱ्याचा ऊस बघा. २०२१-२२ ची एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा सरकारने ठरवलेला किमान दर, क्विंटलला २९० रुपये होती, २०२२-२३ ची ३०५ झाली. पंधरा रुपये वाढले म्हणजे पाच टक्क्यांच्या वर, असं गावात सगळे म्हणत होते. पण २९० रुपये १० टक्के साखर उताऱ्याला, म्हणजे शंभर किलो उसातून दहा किलो साखर निघेल अशा उसाला, होते आणि ३०५ रुपये १०.२५ टक्के उताऱ्याला. जुन्या दरात उतारा ०.१ टक्क्याने वाढला की २ रुपये ९० पैसे जास्त मिळत. त्या हिशेबाने १०.२५ उताऱ्याचा जुना दर २९७ रुपये २५ पैसे होतो. तिथून ३०५ म्हणजे खरी वाढ २.६ टक्के. या शेतकऱ्याला आदल्या वर्षी ऊसबिलाचे ५ लाख मिळाले असतील, तर तेवढ्याच उसाचे २०२२-२३ ला ५,१३,००० मिळाले. महागाईला पुरे पडायला ५,३३,५०० हवे होते. तूट २०,५०० रुपये.

कर्जात २०,१०० आले आणि उसात २०,५०० गेले. ‘कर्ज फिटलं, पण हातात काही राहिलं नाही’ हे वाक्य मी काउंटरवर कितीदा ऐकलं आहे, आणि ते पैशाच्या हिशेबानेही बरोबर निघतं. कर्जदाराला महागाईचा फायदा तेव्हाच पुरता मिळतो जेव्हा त्याची मिळकत भावांबरोबर वर जाते. ज्याच्या मालाचा दर दिल्लीत वर्षातून एकदा ठरतो, त्याच्याबाबत ते सहसा घडत नाही.

हा हिशेब थोडा ढोबळ आहे, कारण शेतीचा सगळा खर्च महागाईच्या आकड्याप्रमाणे हलत नाही. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांवरच राहिली, पण पोटॅशची गोणी त्याच २०२२ साली १,७०० रुपयांपर्यंत गेली. आपापल्या गोण्यांचा हिशेब घालून आकडा थोडा इकडेतिकडे सरकेल.

कर्जातून वाचलेले ते वीस हजार कोणाच्या खिशातून गेले?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो. बिनव्याजी कर्जाचं व्याज सोसायटी सोडून देत नाही, ते सरकार भरतं. सरकारकडे पैसा करातून येतो. म्हणजे खानापूरच्या बाजारात साबणाची वडी घेणारी मजूर बाईसुद्धा त्यात आपला वाटा घालते.

आणि मिळतं कोणाला? पीककर्जाची रक्कम जमीन आणि पीक बघून ठरते. ज्याच्या नावावर जास्त बागायत, त्याला जास्त कर्ज आणि महागाईतून जास्त फायदा. कर्नाटकात बिनव्याजी कर्जाची मर्यादा २०२३-२४ पासून ३ लाखांवरून ५ लाख झाली. मोठ्या बागायतदाराला त्याचा उपयोग झाला. एक एकरवाल्याचं कर्ज आधीच्या मर्यादेलाही टेकत नव्हतं. दुसऱ्याचं रान वाट्याने करणाऱ्याच्या नावावर जमिनीचा उताराच नाही, त्यामुळे तो या हिशेबात कुठेच येत नाही. तो उसनवारीवर जगतो, आणि खाजगी उसनवारीचं व्याज महिन्याला शेकड्यावर मोजतात. महिन्याला तीन टक्के देणाऱ्याला वर्षाची सहा टक्के महागाई काय दिलासा देणार?

कारखान्याने बिल उशिरा दिलं तर?

मग शेतकरीच सावकार होतो, तोही बिनव्याजी. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल मिळायला हवं, आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. ५ लाखांचं बिल तीन महिने रखडलं तर ६.७ टक्के महागाईत त्याची किंमत आठ हजारांच्या वर घटते. कायद्याने त्यावर १८,७५० रुपये व्याज होतं. पण ते आपोआप हातात पडत नाही, मागावं लागतं. पुढच्या वर्षी याच कारखान्याची तोडणी टोळी आपल्या फडात वेळेवर यायला हवी, त्यामुळे मागायला पुढे कोण येणार?

मी २०२१ साली घरासाठी कर्ज घेतलं. महागाई वाढली, मग माझा फायदा झाला का?

वर्षभर झाला, मग गेला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी बदलत्या दराची घरकर्जं बाहेरच्या दराला, बहुतेक रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला, बांधावी लागतात. त्यामुळे दर पुन्हा कधी ठरणार याचं तुमचं उत्तर ‘रिझर्व्ह बँक हलली की’ असं आहे.

समजा तुम्ही २० लाख रुपये २० वर्षांसाठी ७ टक्क्यांनी घेतले. हप्ता १५,५०६ रुपये. रेपो तेव्हा ४ टक्के होता. मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने तो वाढवायला घेतला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहावर नेला. तुमचा दर अडीच टक्क्यांनी वाढून साडेनऊ झाला. तोवर वीस हप्ते भरून मुद्दल १९ लाख १९ हजारांच्या आसपास उरलं होतं. साडेनऊ टक्क्यांनी त्याचं महिन्याचं व्याजच १५,१९० रुपये होतं. जुनाच हप्ता चालू ठेवला तर मुद्दलात महिन्याला जेमतेम तीनशे रुपये जातात, आणि कर्ज फिटायला आणखी चाळीस वर्षांहून जास्त लागतात. मुदत तीच ठेवायची तर हप्ता १८,४५० रुपयांच्या घरात जातो.

बऱ्याच जणांना हे कळलंच नाही, कारण हप्ता वाढला नव्हता, मुदत गुपचूप लांबली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की दर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हे कर्जदाराला विचारा, आणि हप्त्यातून व्याजसुद्धा न भागण्याची वेळ येऊ देऊ नका. तेव्हा कर्जाच्या विवरणपत्रात हप्ता न पाहता उरलेले महिने पाहा. तिथे तुमची खरी स्थिती दिसते.

२०२१-२२ मध्ये महागाई ५.५ टक्के होती, म्हणजे ७ टक्क्यांचं तुमचं कर्ज खऱ्या अर्थाने दीड टक्क्याचं होतं. २०२३-२४ मध्ये महागाई ५.४ आणि दर साडेनऊ, म्हणजे खरा दर चार टक्क्यांच्या वर. ज्याने दर पक्का करून घेतला होता, त्याने मात्र या काळात कमावलं.

आम्हा बायकांच्या गटाच्या कर्जाचं काय?

मायक्रोफायनान्सचं व्याज वर्षाला चोवीस टक्के धरू. सहा टक्के महागाई वजा केली तरी खरं व्याज अठरा टक्के उरतं. आठवड्याचा हप्ता आहे तिथेच असतो आणि तेल-डाळ महागल्यामुळे त्याच घरखर्चातून तो काढणं जड जातं. तेव्हा दुसऱ्या कंपनीचं कर्ज काढून पहिलीचा हप्ता भरला जातो. कर्जदार म्हणून महागाईचा फायदा मिळायला हवा अशी ही बाई कागदोपत्री असते, प्रत्यक्षात तिचं सगळ्यात जास्त जातं. वसुलीचा जाच इतका वाढला की कर्नाटक सरकारला फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. पण त्याने धमकावणं थांबवता येतं, व्याजाचा भार हलका होत नाही.

माझे पैसे ठेवीत आहेत, दर महिन्याला व्याज येतं, मुद्दल शाबूत आहे. मग मी कसा काय हरलो?

हे बहुतेक वेळा निवृत्त गुरुजी विचारतात, आणि उत्तर देताना मला वाईट वाटतं.

२०२०-२१ मध्ये मोठ्या बँकेत लांब मुदतीच्या ठेवीला ५.४ टक्क्यांच्या आसपास मिळत होतं. गुरुजींनी १० लाख ठेवले. महिन्याला ४,५०० रुपये व्याज येतं आणि ते घरात खर्च होतं. पुढच्या चार वर्षांत महागाई ५.५, ६.७, ५.४ आणि ४.६ टक्के झाली, म्हणजे भाव एकूण २४ टक्क्यांनी वाढले. चार वर्षांनी येणाऱ्या ४,५०० रुपयांत सुरुवातीच्या ३,६२५ रुपयांइतकाच बाजार येतो. आणि शाबूत असलेले १० लाख आता जुन्या ८ लाख ६ हजारांइतकेच आहेत.

चूक इथे होते: महागाई ५.५ टक्के असताना ५.४ टक्के व्याज ही कमाई नसते. मुद्दलाची जेवढी झीज झाली तेवढी भरपाई तुमच्या हातात आली, एवढंच. ती खर्च केली म्हणजे मुद्दल खर्च केलं. पासबुक ते दाखवत नाही, कारण पासबुकात रुपये मोजतात, तांदूळ मोजत नाहीत. व्याज न काढता ठेवीतच वाढू दिलं असतं तर चार वर्षांनी लाखाचे १,२३,९०० झाले असते, आणि भाव १,२४,१०० वर. जवळजवळ बरोबरी. तीही कर न धरता, कारण आयकर सगळ्या व्याजाला कमाई समजून लागतो, झीज वजा करून नव्हे.

बचत खात्यावर त्या काळात मोठ्या बँकेत २.७ टक्के मिळत होते. तिथे पडून राहिलेल्या लाखामागे चार वर्षांत सुमारे दहा हजारांची किंमत गेली. ते गेले कुठे? बँकेने तो पैसा कर्जाऊ दिला होता. ज्यांना स्वस्तात मिळाला त्यांच्याकडे ते गेले, आणि त्यात उद्योगपती आले, सरकारही आलं, कारण देशातलं सगळ्यात मोठं कर्जदार सरकारच आहे.

मग जास्त व्याज देणाऱ्या सोसायटीत ठेवावे का?

मी स्वतः सोसायटीत काम करतो, म्हणून स्पष्ट लिहितो. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक असली तरी, ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्था आणि सौहार्द सोसायट्यांच्या ठेवींना ते नाही. जास्तीचे दोन-तीन टक्के त्या जोखमीबद्दल मिळतात. महागाईने वर्षाला एक-दोन टक्के झिजतील या भीतीने आयुष्यभराची पुंजी एका ठिकाणी टाकणारी माणसं मी पाहिली आहेत. जी रक्कम अडकली तर घर चालणार नाही, ती तिथे ठेवू नये. पिग्मीचं वेगळं: तिथे दुकानदार व्याजासाठी येत नाही, रोजचे शंभर रुपये घरात टिकत नाहीत म्हणून येतो. महागाईत पिग्मीवर थोडं बुडतं, हे जाणूनच ती भरावी.

मालक म्हणतो, ‘तीन वर्षांनी सगळी महागाई भरून देतो की.’ मग मजुराचं काय गेलं?

वडगाव, खासबागमध्ये यंत्रमागावर साडीमागे मजुरी ठरते आणि तो दर काही वर्षं तसाच चालतो. दर वाढवण्याची बोलणी होतात तेव्हा मागच्या तीन वर्षांची महागाई मोजली जाते, आकडा जुळला की दोन्ही बाजू समाधानाने उठतात. पण बोलण्यांच्या मधल्या काळात जे गेलं, ते कोणी मोजत नाही.

मोजून बघू. महिन्याला १५,००० रुपये मजुरी पडते आणि भाव वर्षाला ६ टक्क्यांनी वाढतात असं धरा. पहिल्या महिन्यात काही जाणवत नाही. वर्षअखेरीस त्या १५,००० चे १४,१५० उरलेले असतात, दुसऱ्या वर्षअखेरीस १३,३५०, तिसऱ्याच्या शेवटी १२,६००. मग दर १९ टक्क्यांनी वाढतो आणि मजूर परत १५,००० च्या किमतीवर येतो. पण तीन वर्षांत मिळून त्याच्या हातून सुमारे ४४,५०० रुपयांची किंमत गेली. जवळजवळ तीन महिन्यांची मजुरी.

तोच दर दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढला असता तर तीन वर्षांची गळती १५,४०० च्या आसपास राहिली असती. दोन्हीकडे शेवटचा दर अगदी सारखा आहे. २९,००० रुपयांचा फरक फक्त दर किती दिवसांनी बदलला याचा. म्हणून माझं ठाम मत आहे की वाटाघाटीत ‘किती वाढ’ याच्याइतकंच ‘किती महिन्यांनी’ यावर भांडायला हवं. केंद्र सरकारच्या नोकराचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून बदलतो. कर्नाटकात किमान वेतनातला भत्ता वर्षातून एकदा, १ एप्रिलला बदलतो, निपाणीच्या विडी कामगार बायकांच्या हजार विड्यांच्या दरातही तो यायचा असतो. घरच्या मागावर व्यापाऱ्याचं सूत विणणाऱ्याला असा कुठलाच दिवस ठरलेला नाही.

ही गळती दिसत नाही याला आणखी एक कारण आहे. मजुरी पुरेनाशी झाली की विणकर रात्री आठऐवजी दहापर्यंत माग चालवतो, घरातली पोरं बॉबिन भरायला बसतात. महिन्याचे रुपये कमी झालेले नसतात, उलट वाढतात. वहीत ती कमाई म्हणून दिसते.

सगळाच फरक व्यापाऱ्याच्या गल्ल्यात जातो असं मात्र मी म्हणणार नाही. त्यालाही सूत महाग पडतं. पण तो साडीचा दर हंगामात दोनदा बदलू शकतो.

सरकार म्हणतं महागाई सात टक्के, आम्हाला तर जास्त वाटते. खोटं कोण बोलतंय?

कोणीच नाही. जुलै २०२३ आठवा, टोमॅटोने डोळ्यांत पाणी आणलं तो महिना. एकूण महागाई ७.४४ टक्के होती, खाद्यपदार्थांची ११.५१. त्यावरून बाकीच्या वस्तूंची पाच टक्क्यांच्या जरा खाली निघते. ज्या घरात साठ टक्के खर्च खाण्यावर होतो, तिथे महागाई जवळजवळ नऊ टक्के पडली. ज्या घरात पंचवीस टक्केच जातो, तिथे साडेसहा. टिळकवाडीतल्या बंगल्यात आणि खासबागच्या खोलीत एकाच दिवशी दोन वेगळ्या महागाया होत्या, आणि मजुरीची बोलणी मात्र एकाच आकड्यावर होतात.

गृहलक्ष्मीचे दोन हजार तर नियमाने ठरलेले आहेत, त्यांना महागाईचं काय?

ठरलेले आहेत हाच त्यांचा धोका. कर्नाटकात घरातल्या कर्त्या बाईला महिन्याला मिळणारे हे २,००० रुपये ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाले आणि आकडा तोच आहे. सीमेपलीकडे, महाराष्ट्रात, लाडक्या बहिणीच्या १,५०० ची गतही तीच. याउलट शक्ती योजनेत बायकांना पैसे नाहीत, बसचा फुकट प्रवास मिळतो. जानेवारी २०२५ मध्ये बसचं भाडं १५ टक्क्यांनी वाढलं, तरी निपाणीहून बेळगावला येणाऱ्या बाईचं काही गेलं नाही. अन्नभाग्यात जादा तांदळाऐवजी काही काळ माणशी १७० रुपये येत होते, फेब्रुवारी २०२५ पासून पुन्हा तांदूळ येऊ लागला. वस्तू मिळते तिथे महागाई सरकार सोसतं, रुपये मिळतात तिथे घेणारा सोसतो.

सगळ्यात दुखरं उदाहरण ईपीएफच्या किमान पेन्शनचं. सप्टेंबर २०१४ मध्ये ती १,००० रुपये झाली आणि त्यानंतर वर्षामागून वर्षं गेली तरी हजारच राहिली. आज त्यात तेव्हाच्या सहाशेच्या आसपासचाच बाजार येतो. कारखान्यातून निवृत्त झालेले काका ते पैसे काढायला रांगेत उभे राहतात, आणि त्यांना कुठल्याही १ एप्रिलची वाट बघायची सोय नाही.

आता महागाई उतरली, मग सगळं जागेवर आलं ना?

महागाई उतरली म्हणजे भाव उतरले असं नाही, त्यांच्या वाढीचा वेग कमी झाला. २०२०-२१ पासून वाढलेले २४ टक्के तिथेच आहेत. गुरुजींचे दोन लाख परत आले नाहीत.

ऑक्टोबर २०२५ मध्ये महागाई ०.२५ टक्क्यावर आली आणि खाद्यपदार्थ तर आदल्या वर्षापेक्षा पाच टक्क्यांनी स्वस्त झाले. मजुराला त्या महिन्यात खरंच हायसं वाटलं, आणि वाटायलाच हवं होतं. पण बटाटा, भाजी पिकवून जो कर्ज फेडतो, त्याचा हिशेब उलटा फिरला: कर्जाचे रुपये तेवढेच, मालाचे कमी. सात टक्क्यांचं कर्ज भाव पाच टक्क्यांनी पडलेल्या मालातून फेडायचं म्हणजे बारा टक्क्यांच्या वरचं झालं.

आपल्या मुलखाने हे फार पूर्वी पाहिलं आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६० च्या दशकात कापसाला सोन्याचा भाव आला, दख्खनच्या शेतकऱ्याने त्या भावावर कर्जं उचलली. युद्ध संपलं, भाव कोसळले, खतावणीतला आकडा तसाच राहिला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले, आणि त्यांनी आधी हुडकले ते कर्जरोखे.